पक्षकाराने घर बदलले असेल तर नोटीस कुठे पाठवावी

धनादेश न वटल्याच्या प्रकरणात तशी सूचना बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत देणेकऱ्याला पैशांच्या मागणीची नोटीस निघायला हवी, त्यामुळे पत्त्याचा शोध पहिल्याच आठवड्यात घ्या. माझ्या एका प्रकरणात देणेकरी म्हापशाचे भाड्याचे घर सोडून फोंड्याला गेला होता आणि जुन्या पत्त्यावरचे पाकीट ‘घर सोडून गेले’ या शेऱ्यासह परत आले. ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यापेक्षा हा शेरा फार वेगळा आहे, कारण योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस पोचली असे न्यायालय गृहीत धरते. इथे पत्ताच चुकला, असे म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. सुदैवाने मुदतीचे 11 दिवस शिल्लक होते. देणेकऱ्याने स्वतः पाठवलेल्या एका बिलावर फोंड्याचा पत्ता छापलेला सापडला, आणि दुसरी नोटीस तिथे गेली.

म्हणून नोटीस एकाच दिवशी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा. गोव्यात नुसते गावाचे नाव पुरत नाही. घर क्रमांक, वाडा आणि पिनकोड लिहाच. नवा पत्ता कोणत्या कागदावरून मिळाला तो कागद, पाकिटावरचा पत्ता वाचता येईल असे छायाचित्र आणि टपालाची पावती एकत्र ठेवा. ऑनलाइन मागोवा काही काळाने दिसेनासा होतो, तेव्हा पोच दिसताच त्याची छापील प्रत काढा. परत आलेले पाकीट मात्र कधीही फोडू नका, ते बंद स्थितीतच न्यायालयात दाखल करायचे असते.