गणिताची तोंडी परीक्षा: प्रश्न कसे काढायचे आणि गुण कसे द्यायचे?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवीला गणित शिकवते. वर्गात तीसेक मुलं आहेत. आकारिकमध्ये ‘तोंडी काम’ धरावं लागतं. पाढे किंवा सूत्रं विचारून गुण दिले तर पाठांतराचे गुण होतात, आणि ‘का’ विचारलं तर निम्मी मुलं गप्प बसतात. दहा गुणांची तोंडी परीक्षा नेमकी कशी घ्यायची, आणि गुण सगळ्यांना सारखे न्यायानं कसे द्यायचे?

उत्तर: मी तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात उच्च प्राथमिकला गणित शिकवतो. माझं मत आधीच सांगतो. संपूर्ण घटकसंचावर तोंडी घेऊ नका. एक धडा घ्या, आणि त्यातली मुलं हमखास चुकतात अशी एकच कल्पना घ्या. पाच मिनिटांत तेवढंच नीट तपासता येतं. आठवीच्या ‘सूट व कमिशन’चंच उदाहरण घेतो, कारण दुकानातली सूट प्रत्येकाच्या ओळखीची असते.

प्रश्न चारच ठेवायचे आणि ते कागदावर शब्दशः लिहून काढायचे. पहिला दोन गुणांचा, सगळ्यांना येईल असा: छापील किंमत ८०० रुपये, सूट १० टक्के, तर किती द्यावे लागतील? हा मुख्यतः घसा मोकळा करायला असतो. दुसरा दोन गुणांचा: हे १० टक्के कशाचे काढलेस? तिसरा खरा प्रश्न, चार गुणांचा: दुकानदारानं आधी १० टक्के सूट दिली आणि उरलेल्या रकमेवर पुन्हा १० टक्के दिली, तर एकूण सूट २० टक्के झाली का? चौथा दोन गुणांचा, जास्त तयारीच्या मुलांसाठी: आधी १० मग २० टक्के सूट घेतली काय, किंवा आधी २० मग १० घेतली काय, फरक पडेल का? (पडत नाही. ८०० चे दोन्हीकडून ५७६ होतात. पण आकडे काढून दाखवले तर एक गुण, आणि ‘दोन्हीकडे गुणाकारच आहे, क्रम बदलला तरी तेच’ असं काही सांगितलं तर दोन.)

कागद-पेन्सिल हातात द्याच. तोंडी म्हणजे मनातल्या मनात आकडेमोड नव्हे. त्याच कारणानं आकडे सोपे ठेवायचे. ८०० वर दोनदा १० टक्के घेतले तर ७२० आणि मग ६४८ येतात, म्हणजे एकूण सूट १५२ रुपये, १९ टक्के. हेच ६४० वर दोनदा १५ टक्के असं विचारलं तर ५४४ आणि पुढे ४६२.४० येतात. मूल दशांश चिन्हातच अडकतं आणि दुसरी सूट कशावर निघाली, हे तपासायचं राहूनच जातं.

आता मुलं गप्प बसतात त्याबद्दल. बहुतेक वेळा त्याचं कारण आपल्याच सवयीत असतं. उत्तर चुकलं की आपण ‘का?’ विचारतो आणि बरोबर आलं की ‘शाबास’ म्हणून पुढे जातो. दोन-तीन दिवसांत वर्गाला कळतं की ‘का’ आला म्हणजे आपलं चुकलं. म्हणून ‘कशावरून म्हणतोस?’ हा प्रश्न प्रत्येकाला, बरोबर उत्तरालाही, त्याच आवाजात विचारायचा. आणि विचारल्यावर थांबायचं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात असं त्यांना दिसलं; थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं तर मुलांची उत्तरं लांबली. तोंडी परीक्षेत मी मनात दहापर्यंत मोजतो. ते दहा आकडे आपल्यालाच फार जड जातात.

त्यानंतरही गाडी अडली तर इशारा द्यायचा, पण तोही आधी लिहून ठेवलेला. न्यायाचा सगळा घोळ इथंच होतो. आवडत्या मुलाला आपण नकळत तीन इशारे देतो, मागच्या बाकावरच्याला एकही नाही, आणि शेवटी दोघांनाही उत्तर आलं की गुण सारखेच! तिसऱ्या प्रश्नासाठी माझे दोनच इशारे असतात. पहिला: ‘दुसरी सूट कोणत्या रकमेवर मिळाली?’ तेवढ्यानं नाही झालं तर दुसरा: ‘दोन्ही वेळची सूट कागदावर वेगवेगळी काढून पाहा.’ इशाऱ्याशिवाय कारणासह बरोबर सांगितलं तर चार. पहिल्या इशाऱ्यानंतर सांगितलं तर तीन, दुसऱ्यानंतर दोन. आकडे काढले पण २० टक्के का होत नाहीत ते सांगता आलं नाही, तर एक. ‘कशावरून’ हा इशारा नाही, त्यासाठी काहीही कापायचं नाही. आणि ‘१९’ हे उत्तर बरोबर पण कारण ‘दुकानदार थोडे पैसे मारतेच’ असं असेल, तरीही एकच. (हे कारण मला खरोखर मिळालेलं आहे, आणि व्यवहारज्ञान म्हणून ते चूक आहे असं मी म्हणणार नाही.)

एक नमुना देतो. पहिले दोन प्रश्न मुलानं नीट सोडवले. तिसऱ्याला म्हणाला, ‘वीसच झाली नं सर.’ कशावरून? ‘दहा न् दहा वीस.’ थांबलो, पुढे काही नाही. पहिला इशारा दिला. जरा वेळानं: ‘सातशे वीसवर… मंग ते बहात्तरच होते. आठ रुपये कमी भेटले.’ म्हणजे एकूण सूट २० टक्के झाली का? ‘नाही, कमी झाली. दुसरी बारी रक्कमच लहान होती.’ इथं तीन गुण द्यायचे. त्यानं १९ हा आकडा उच्चारला नाही, पण प्रश्न ‘२० झाली का’ असा होता आणि कारण त्याचं स्वतःचं आहे. अशा जागी १९ चा आग्रह धरायचा की नाही हे परीक्षेआधी ठरवा. पाच मुलं झाल्यावर ठरवलं तर त्या पाच जणांचं काय करणार?

वऱ्हाडी बोलीचा एकही गुण कापायचा नाही. बंजारा किंवा कोलाम घरातलं मूल मराठी वाक्य अर्धवट सोडून बोट कागदावर ठेवत असेल, तर ते बोट उत्तर समजा. ‘छापील किंमत’ऐवजी ‘डब्यावर लिहेल भाव’ म्हटलं तरी चालेल. आणखी एक: आपल्याकडे एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत आठवीतली मुलंही गडबडतात. मूल ६४८ लिहितं आणि तोंडानं भलतंच म्हणतं. अशा वेळी लिहिलेला आकडा धरायचा.

पेपर फुटणं ही तोंडी परीक्षेची जुनीच अडचण. पहिला मुलगा बाहेर गेला की व्हरांड्यात सगळं सांगतो. म्हणून सारख्या वजनाचे तीन संच करा: ८०० वर दोनदा १०, ६०० वर दोनदा १० (५४०, मग ४८६) आणि ५०० वर दोनदा २० (४००, मग ३२०). तिसऱ्या संचात एकूण सूट ३६ टक्के येते. बाहेरून ‘१९’ ऐकून आलेलं मूल तिथं ताबडतोब ‘३९’ म्हणतं, कारण त्याला फक्त ‘बेरजेतून एक वजा’ एवढंच कळलेलं असतं. ३९ ऐकलं की ओरडायचं कारण नाही. नेहमीसारखं ‘कशावरून’ विचारायचं, तेच इशारे द्यायचे आणि त्याच मापानं गुण द्यायचे. संच मात्र हजेरीच्या क्रमानं देऊ नका, नाहीतर कोणाला कोणता येणार हे त्यांना कळतं. चिठ्ठी उचलायला लावा.

तीस मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे अडीच तास. तासिका चाळीस मिनिटांची धरली तर चार तासिका लागतात. बाकीच्या वर्गाला तोवर सरावसंच द्या आणि तुम्ही व्हरांड्यात बसा, म्हणजे सगळ्या वर्गासमोर बोलायची लाज राहत नाही.

गुण मुलगी उठल्याबरोबर लिहायचे, पुढच्याला बोलावण्याआधी. हुशार मुलीनंतर आलेलं मध्यम मूल आपल्याला आहे त्याहून कच्चं वाटतं, आणि सगळे झाल्यावर एकत्र गुण द्यायला बसलं की वर्गातली जुनी प्रतिमाच गुण देते. गुणाशेजारी एक ओळ तिच्याच शब्दांत लिहा आणि कितव्या इशाऱ्यावर उत्तर आलं ते लिहा, उदाहरणार्थ ‘इ१, रक्कमच लहान होती’. शेवटच्या मुलानंतर पहिल्या पाच नोंदी गुण झाकून वाचा आणि पुन्हा गुण द्या. आता दिलेले गुण आधीपेक्षा कमी-जास्त येत असतील तर मधल्या वेळात तुमचं माप सरकलं आहे. तसं झालं तर सगळ्या ओळी एका बैठकीत वाचून गुण परत लावायचे.

शक्य असेल तर चार-पाच मुलांच्या वेळी दुसऱ्या शिक्षकांना शेजारी बसवा. त्यांचा विषय गणित नसला तरी चालेल, इशारे आणि गुणांचा तक्ता समोर ठेवायचा आणि दोघांनी वेगवेगळे गुण लिहायचे. दहापैकी एका गुणाचा फरक मी सोडून देतो. दोन किंवा जास्तीचा आला तर भांडण बहुधा मुलाबद्दल नसतं, तक्त्यातल्या एखाद्या मोघम ओळीबद्दल असतं. ती ओळ दुरुस्त करून मगच उरलेला वर्ग घ्यायचा. त्याच एका गुणाच्या फरकामुळे सहा मिळालेली मुलगी सातवाल्यापेक्षा कच्ची आहे, असं या परीक्षेवरून मी कोणालाही सांगत नाही. चार आणि आठमधला फरक मात्र खरा असतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत परीक्षा आली तर गैरहजेरी धरूनच चाला. त्या मुलांसाठी चौथा संच बाजूला ठेवा, ४०० वर दोनदा १० चा (३६०, मग ३२४), आणि ती परत आली की त्याच इशाऱ्यांनी घ्या. पालक विचारायला आले तर नुसता आकडा न दाखवता ती ओळ वाचून दाखवा: ‘तुमच्या पोरानं हे असं सांगितलं, एका इशाऱ्यानंतर सांगितलं, म्हणून चारपैकी तीन.’

तुमच्या वर्गासाठी वेगळा धडा घ्यायचा असेल तर मुलं कुठं चुकतात ते लिहून पाठवा, त्यावरचे इशारे कसे लिहायचे ते बघू.