ऐनवेळी शरीर फितूर होतं तेव्हा

प्रश्न: वय ४२. बारा वर्षांच्या संसारानंतर दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. चार महिन्यांपासून एका मैत्रिणीशी जुळलंय, मनापासून आवडते ती. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा जवळ आलो आणि ऐनवेळी ताठरता गेली ती परत आलीच नाही. ती 'असू दे' म्हणाली, पण मला रात्रभर झोप नाही. बायकोबरोबर, अगदी भांडणाच्या दिवसांतही, असं कधी झालं नव्हतं. शनिवारी ती पुन्हा येणार आहे. काहीतरी कारण काढून टाळू का? एक मित्र त्याच्याकडची गोळी देतो म्हणतोय.

उत्तर:

टाळू नका, आणि मित्राची गोळीही घेऊ नका. शनिवारी तिला येऊ द्या. फक्त त्या रात्री संभोग करायचा नाही हे आधीच ठरवा आणि तिलाही सांगा. हे विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी यातून गेलोय, आणि तुमच्यापेक्षा जास्त चुका करून गेलोय.

माझं वय तेव्हा ४६ होतं. सतरा वर्षांचा संसार मोडून दीड वर्ष झालं होतं. पहिल्या वेळी सगळं ठीक चाललं होतं, कंडोमचं पाकीट फोडेपर्यंत. लग्नात कित्येक वर्षं त्याची गरजच पडली नव्हती, त्यामुळे हाताची सवय गेलेली. अर्धा मिनिट अंधारात खटपट केली, मग खाली बघितलं, आणि 'जातंय की काय' असं मनात आलं. गेलंच. दुसऱ्या वेळी भीड चेपावी म्हणून आधी दोन पेग घेतले. भीती थोडी कमी झाली, पण दारूने शरीरही सुस्त होतं, त्यामुळे यावेळी सुरुवातच झाली नाही. त्यानंतर मी तीन आठवडे टाळाटाळ केली. कधी ऑफिसचं काम, कधी पाठदुखी. त्या दोन फसलेल्या रात्रींनी आमचं काही बिघडलं नव्हतं. या तीन आठवड्यांत मात्र सगळं मोडायच्या बेताला आलं, कारण तिने सरळ अर्थ लावला की याला मी नकोय.

लग्नात जे कधी झालं नाही ते आताच का, हे आधी समजून घ्या. ताठरता यायला शिश्नातल्या रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल पडावे लागतात. तेव्हाच रक्त आत येतं आणि साठून राहतं. शरीर निवांत असताना ज्या नसा काम करतात त्यांचं हे काम आहे. भीती वाटली की ॲड्रेनालिन वाढतं आणि तेच स्नायू आवळले जातात. परीक्षेला बसताना घसा कोरडा पडतो, त्याच जातीचा हा प्रकार. म्हणून जोर लावून किंवा मनाला दटावून काही होत नाही. उलट दटावणं हीच आणखी एक भीती होऊन बसते. बायकोबरोबर बारा वर्षांत तुमच्या शरीराला एक ठरलेली वाट माहीत झाली होती: तोच स्पर्श, तोच वास, पुढे काय होणार याचा अंदाज. मन कडू झालेलं असतानाही शरीर त्या वाटेने जात होतं, कारण तिथे परीक्षा नव्हती. या मैत्रिणीबरोबर ती वाट अजून पडायचीय. तिच्याबद्दल ओढ कमी आहे असं अजिबात नाही. बरेचदा ओढ जास्त असते तिथेच नापास व्हायची भीतीही जास्त असते.

अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या संशोधकांनी १९७० मध्ये हे नेमकं मांडलं. भीती वाटली की माणूस प्रसंगात उरत नाही, प्रेक्षक होऊन बाजूला उभा राहतो आणि स्वतःकडे बघत बसतो. 'अजून आहे का? पुरेसं आहे का?' तुमच्या डोक्यात त्या रात्री हेच चाललं असणार. त्यांनी त्यावर जो उपाय सांगितला तो आजही सेक्स थेरपिस्ट वापरतात, आणि माझी गाडी त्यानेच रुळावर आली.

पण त्याआधी एक तपासणी घरच्या घरी करा. सकाळी उठताना ताठरता असते का? एकट्याने असताना होते का? निरोगी पुरुषाला रोज रात्री झोपेत तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि सकाळची ही बहुतेकदा त्यातली शेवटची असते. ती नेहमीसारखी येत असेल, आणि अडचण अचानक, या एकाच परिस्थितीत आली असेल, तर यंत्रणा शाबूत आहे असं बहुधा धरता येतं. याउलट गेल्या वर्ष-दोन वर्षांत हळूहळू, सगळीकडेच कमी होत गेलं असेल, सकाळचीही विरळ झाली असेल, तर डॉक्टरकडे जा आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे हृदयविकाराची चाहूल कधीकधी काही वर्षं आधी इथेच लागते. घटस्फोटाच्या काळात नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यातल्या बऱ्याच गोळ्या इच्छा आणि ताठरता कमी करतात. स्वतःहून बंद मात्र करू नका. माझ्याबाबतीत साखर किंचित वर निघाली आणि भीती भरपूर निघाली. चाळिशीनंतर असं दोन्हींचं मिश्रण पुष्कळांचं असतं.

आता उपाय. आम्ही दोघांनी चार आठवड्यांचा करार केला की संभोग नाही. पहिले दोन आठवडे एकाने वीसेक मिनिटं दुसऱ्याला फक्त स्पर्श करायचा, पाठ, मान, पाय, तळहात. स्तन आणि जननेंद्रियं सोडून. मग अदलाबदल. ज्याला स्पर्श होतोय त्याने काहीच करायचं नाही, फक्त 'इथे बरं वाटतंय', 'जरा हळू' एवढंच बोलायचं. ताठरता आली तर आली, तिचं करायचं काहीच नाही. मला हा पोरखेळ वाटला होता. पण दुसऱ्याच वेळी, जेव्हा तिचा काही उपयोग नव्हता तेव्हा, ती आपसूक आली. परीक्षाच रद्द झाल्यावर प्रेक्षकाला बघायला काही उरत नाही, एवढंच त्यामागचं गणित.

तिसऱ्या आठवड्यात सगळ्या शरीराला मुभा, पण संभोग अजूनही नाही. इथे एक गोष्ट मुद्दाम केली, आणि मला सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला. ताठरता आली की थांबायचं, गप्पा मारायच्या, ती पूर्ण जाऊ द्यायची आणि मग पुन्हा सुरुवात करायची. असं दोन-तीनदा. आमच्यासारख्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की एकदा गेली म्हणजे संपलं. त्यामुळे ती असेपर्यंत उरकून घ्यायची घाई होते, आणि त्या घाईतच कधी ती जाते, कधी वीर्यपतन लवकर होतं. गेलेली परत येते हे स्वतः बघितल्यावर घाई ओसरली. चौथ्या आठवड्यात प्रवेश, पण हालचाल न करता, थोडा वेळ आणि पुन्हा बाहेर.

कागदावर हे फार शिस्तीचं दिसतं. प्रत्यक्षात तिसऱ्याच आठवड्यात आम्ही करार मोडला आणि सगळं छान झालं. मी खूश. म्हणजे आता जमतंय, अशी अपेक्षा ठेवूनच पुढच्या वेळी गेलो, आणि पुन्हा पहिल्या रात्रीसारखं झालं. मग निमूटपणे एक पायरी मागे आलो. एक चांगली रात्र झाली की आजार बरा झाला असं समजू नका.

कंडोमची सवय एकट्याने करून घ्या. गंमत नाही, चार-पाचदा अंधारात लावून बघा. घट्ट बसत असेल तर मोठा आकार आणा. पाकीट हाताशी ठेवा आणि लावत असताना तिचा हात तुमच्या अंगावर असू द्या, म्हणजे मधला तो कोरडा अर्धा मिनिट राहत नाही. संभोगादरम्यान ताठरता कमी होऊ लागली तर कंडोमची कड बोटांनी धरूनच बाहेर या, नाहीतर तो आत निसटतो. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: दोन वर्षं एकट्याने, स्क्रीनसमोर, घट्ट मुठीने आणि झटपट हस्तमैथुनाची सवय झाली असेल तर माणसाचा साधा स्पर्श शरीराला अपुरा वाटू शकतो. काही आठवडे स्क्रीन बाजूला ठेवा, हात हलका आणि सावकाश ठेवा.

गोळीबद्दल. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, १९९८ पासून वापरात आहे आणि भीतीतून येणाऱ्या अडचणीतही पुष्कळांना उपयोगी पडतं. मला डॉक्टरांनी काही आठवडे कमी डोस दिला होता. कुबडी म्हणून चांगली होती, नंतर लागली नाही. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब जीव जाण्याइतका कोसळू शकतो. तुमचं हृदय, रक्तदाब आणि इतर औषधं मित्राला माहीत नाहीत, म्हणून नाही म्हणालो. शिवाय ती इच्छा निर्माण करत नाही. साधारण तासभर आधी घ्यावी लागते, जड जेवणानंतर उशिरा लागू पडते, आणि उत्तेजना नसेल तर काहीच करत नाही. हे माहीत नसलेला माणूस गोळी घेऊन 'आता काय होतंय' म्हणून वाट बघत बसतो, आणि काही झालं नाही की त्याला वाटतं, आपल्यावर आता औषधही चालत नाही.

राहिलं तिला सांगणं. तीन आठवडे पळून झाल्यावर मी एवढंच म्हणालो होतो, "तू मला फार आवडतेस, आणि तुझ्यासमोर नापास व्हायची भीती वाटते. पुढचे काही दिवस संभोग बाजूला ठेवूया का?" ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली की ती दर वेळी दिवा घालवते तो सिझेरियनच्या व्रणामुळे, आणि त्या रात्री मला तो दिसला म्हणूनच सगळं थांबलं असं ती धरून बसली होती. मला व्रण आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. वर तिला कोरडेपणामुळे दुखायचं, तेही तिने लपवलं होतं. त्यावर औषधाच्या दुकानातलं पाण्याचा बेस असलेलं वंगण पुरलं. तेल मात्र वापरू नका, लेटेक्सचा कंडोम त्याने फाटतो.

तुमच्या मैत्रिणीच्या 'असू दे' मागे काय आहे ते तुम्हाला अजून माहीत नाही. विचारा. पण पलंगावर नको, आणि काही फसल्यानंतर तर नकोच. शनिवारच्या आधी, दोघं फिरायला गेलेले असताना, बाजूबाजूने चालत असताना बोला. समोरासमोर बसून हे बोलणं मला तरी जमलं नव्हतं.