जेडी आली, आता उत्तर काय लिहू?

प्रश्न : एका रिक्रूटर मॅडमनी चाकणच्या कंपनीतली अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जेडी व्हॉट्सॲपवर पाठवली. मी ‘हाय मॅम, थँक्स, इंटरेस्टेड’ लिहून पुढे अंगठा टाकणार होते. बहिणीने थांबवलं. यात चुकीचं काय?

उद्धट काहीच नाही, पण मॅडमना यातून पत्ता लागत नाही. त्यांच्याकडे एकाच वेळी अनेक जागांचं काम असतं आणि प्रत्येक जागेसाठी बरेच जण उत्तर देत असतात. चॅटच्या यादीत तुमच्या नावाखाली शेवटच्या मेसेजचे सुरुवातीचे चार-सहा शब्दच दिसतात. ‘थँक्स, इंटरेस्टेड’ एवढंच दिसलं, तर कुठल्या जागेसाठी हे बघायला चॅट उघडून वर जावं लागतं. घाईत असलं की ते राहून जातं. म्हणून जागेचं नाव पहिल्याच वाक्यात हवं. मी असं लिहिलं असतं :

‘नमस्कार मॅडम, चाकणच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेची माहिती आवर्जून पाठवलीत, त्याबद्दल आभार. टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम मी सध्याही करते, त्यामुळे या जागेत मला नक्की रस आहे. नोटीस पिरियड एक महिन्याचा आहे. रेझ्युमे लगेच पाठवते. बोलायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मला फोन करता येईल.’

यात आपुलकी आहे ती ‘आवर्जून पाठवलीत’मध्ये. अंगठा, हार्ट, तीन उद्गारचिन्हं यांची गरज पडत नाही. शेवटी एखादा हात जोडलेला इमोजी चालेल, पण तो नसला म्हणून काही अडत नाही. टॅली-जीएसटीचं वाक्य मात्र गाळू नका. जेडी वाचूनच उत्तर दिलंय, हे त्यावरून कळतं. नोटीस पिरियड त्या विचारणारच, आधीच सांगितला की एक फेरी वाचते. अपेक्षित पगार मात्र त्यांनी विचारल्याशिवाय पहिल्या मेसेजमध्ये काढू नये, असं माझं मत.

हे सगळं एकाच मेसेजमध्ये जाऊ द्या. ‘हाय’, मग ‘मॅम’, मग ‘जेडी बघितली’ असे तुकडे केले, की समोरचा फोन चार वेळा वाजतो. आणि रेझ्युमे पीडीएफच पाठवा. नुसती फाइल पाठवली की यादीत तुमच्या मेसेजऐवजी फाइलचंच नाव दिसतं. तिथे ‘new final 3’ दिसण्यापेक्षा तुमचं नाव आणि पद दिसलेलं बरं.

प्रश्न : जेडी पाठवणारी मुलगी कॉलेजला मला दोन वर्षं ज्युनियर होती. आम्ही अरे-तुरे करायचो. आता ‘मॅडम’ लिहिलं तर तीच हसेल!

मग ‘मॅडम’ नकोच. तिने मेसेज कसा लिहिलाय ते बघा. ‘अरे, ही जागा बघ’ असं असेल तर ‘थँक्स गं, आठवणीने पाठवलंस’ हे अगदी बरोबर. पण एक लक्षात घ्या, हा मेसेज ती हायरिंग मॅनेजरला जसाच्या तसा पुढे पाठवू शकते. म्हणून सलगीची ओळ वेगळी पाठवा आणि कामाचा मजकूर दुसऱ्या मेसेजमध्ये, कुणीही वाचला तरी चालेल असा. मी एरवी तुकड्यांच्या विरोधात आहे, पण इथे दोन मेसेजच हवेत. तिने इंग्रजीत लिहिलं असेल, तर कामाचा मजकूरही इंग्रजीत असू द्या.

प्रश्न : जागा नागपूरला आहे, मला नाशिक सोडायचं नाही. उत्तर द्यायलाच हवं का?

जरूर द्या, आणि कारण नेमकं सांगा : ‘नागपूरच्या जागेसाठी माझा विचार केलात, आभार. घरच्या जबाबदारीमुळे सध्या नाशिक सोडणं शक्य नाही. नाशिकमध्ये किंवा घरून करण्यासारखं काही असेल तर जरूर कळवा.’ नुसतं ‘नॉट इंटरेस्टेड’ वाचून त्यांना वाटेल की तुम्हाला नोकरीच बदलायची नाही. ओळखीतल्या कुणाला ही जागा चालणार असेल, तर त्याला आधी विचारा, मगच त्याचा नंबर द्या.

प्रश्न : रेझ्युमे पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. किती दिवस थांबू?

कामाचे तीन-चार दिवस. मग एकच ओळ, सकाळी ऑफिस सुरू झाल्यावर : ‘नमस्कार मॅडम, अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेबद्दल माझ्याकडून आणखी काही माहिती हवी आहे का?’ ‘रेझ्युमे बघितलात का?’ असं नको, त्यात जाब विचारल्यासारखं होतं. नुसतं प्रश्नचिन्ह तर अजिबात नको.

प्रश्न : घाईत ‘सर’ऐवजी ‘मॅडम’ गेलं. डिलीट करू का?

पंधरा मिनिटं झाली नसतील तर मेसेज दाबून धरा आणि एडिट करा. डिलीट केलं की मेसेज डिलीट केल्याची खूण तिथेच राहते, आणि मग काय लिहिलं होतं याचीच शंका येते. वेळ उलटून गेली असेल तर ‘माफ करा सर, चुकून मॅडम लिहिलं गेलं’ एवढं पुरे.