अमेरिकन नंबरांचे भारतीय नंबर: VLOOKUP चुकतो कुठे?

प्रश्न: बुटांच्या ३०० ओळींच्या ऑर्डरमध्ये अमेरिकन नंबर आहेत, मला भारतीय हवेत. तक्ता करून VLOOKUP लावला, पण काही ओळी बरोबर येतात, काही चुकतात. असं का?

उत्तर: तुमच्या यादीत बायकांचे आणि पुरुषांचे जोड एकत्र असतील आणि तक्ता एकच असेल, तर बहुधा तिथेच घोळ आहे. आपल्याकडे ब्रिटिश नंबर चालतात. पुरुषांचा अमेरिकन ९ म्हणजे आपला ८, पण बायकांचा अमेरिकन ९ म्हणजे बहुतेक तक्त्यांत ७. मी कुर्ल्याला ठक्करबाप्पा कॉलनीतल्या एका कारखान्याच्या ऑर्डरी बघतो. पहिल्याच मोठ्या ऑर्डरीत मी सगळ्यातून सरसकट १ वजा केला आणि बायकांचे २४ जोड परत आले. शेठ दोन दिवस बोलले नाहीत.

म्हणून नुसत्या नंबरावर शोधू नका. chart नावाच्या शीटवर तक्ता ठेवा, त्याच्या पहिल्या रकान्यात M|9, W|9 अशा जोडखुणा लिहा, दुसऱ्यात भारतीय नंबर. यादीत A मध्ये M किंवा W आणि B मध्ये अमेरिकन नंबर असेल, तर:

```
=IFNA(VLOOKUP(TRIM(A2)&"|"&TRIM(B2),chart!A:B,2,FALSE),"तपासा")
```

यात एक फायदा आयता मिळतो. कुणी ९ हा आकडा म्हणून टाकलेला असो की मजकूर म्हणून, जोडल्यावर दोन्ही सारखेच होतात.

शेवटचं FALSE विसरू नका. ते नसेल आणि तक्त्यात नुसते पूर्ण नंबर चढत्या क्रमाने असतील, तर 9.5 शोधल्यावर एक्सेल गुपचूप 9 ची ओळ उचलतं. चूक दिसतही नाही. FALSE असेल तर तिथे ‘तपासा’ येतं. आम्ही अर्धे नंबर बनवत नाही, त्यामुळे अशा ओळी मी गिऱ्हाइकाला फोन करूनच भरतो.

भरून झालं की शेजारच्या रकान्यात अमेरिकन वजा भारतीय करा. M ला सगळीकडे १, W ला सगळीकडे २ यायला हवा. वेगळं काही आलं तर ती ओळ बघा. लहान मुलांचे जोड असतील तर त्यांना तिसरी खूण द्या, कारण त्यांचे नंबर १३ पर्यंत जाऊन पुन्हा १ पासून सुरू होतात.

आणि युरोपियन नंबर मध्ये घालून अमेरिकनवरून भारतीय काढू नका. ब्रिटिश नंबराची पायरी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण ८.५ मिमी, युरोपियन पायरी ६.६७ मिमी. फर्म्याच्या लांबीवरून हिशेब केला तर ब्रिटिश ८ चा ४१.९ येतो, म्हणजे सरळ ४२. पण ७ चा ४०.६ येतो. मग कुणी ४०.५ छापतं, कुणी ४१. तिथे गिऱ्हाइकाचाच तक्ता मागवा आणि तोच chart मध्ये टाका.