जुन्या गिऱ्हाइकांना दरवाढ कळवायची आहे. नोटीस कशी लिहू, की लोक सोडून जाणार नाहीत?

बेळगावात टिळकवाडीला आमची डब्यांची खानावळ आहे. दर वाढवायची वेळ आली तेव्हा मोठ्या दिरांनी नोटीस लिहून आणली: "सन्माननीय ग्राहकांस कळविण्यात आनंद होतो की, गॅसच्या दरवाढीमुळे नाइलाजास्तव दरात किरकोळ वाढ करण्यात येत आहे."

गॅसचा यात काही संबंध नव्हता. चपात्या आणि भाज्या करणाऱ्या तिघींचा पगार महिन्याला तीन-तीन हजारांनी वाढवला होता, म्हणजे नऊ हजार. डबे साठ. डब्यामागे दीडशे आले, वाढ तेवढीच.

दीर म्हणाले, "बायकांचे पगार गिऱ्हाइकाला कशाला सांगायचे? गॅस म्हटलं की कोण विचारत नाही." विचारतात की! हॉटेलच्या १९ किलोच्या सिलिंडरचा दर बहुतेक दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो आणि पेपरात येतो. तो उतरला की इंजिनिअरिंगची पोरं दारात येऊन विचारणार, "मावशी, आता डबा स्वस्त का नाही?" पगार काही पुढच्या महिन्यात उतरत नाही, म्हणून ते कारण टिकतं.

मग मी "आनंद", "नाइलाजास्तव" आणि "किरकोळ" काढलं. दीडशे रुपये किरकोळ आहेत की नाहीत, हे देणारा ठरवेल. लावली ती नोटीस अशी:

"१ जूनपासून दोन वेळचा महिन्याचा डबा २,६०० ऐवजी २,७५० रुपये. स्वयंपाक करणाऱ्या तिघींचा पगार वाढवला, म्हणून ही वाढ. चार चपात्या, दोन भाज्या, आमटी, भात तेवढंच राहील. जूनचे पैसे आधी भरलेल्यांना जूनला जुनाच दर. डबा बंद करायचा असल्यास २५ मेपर्यंत सांगा."

खाली हेच कन्नडमध्ये, आकडे आणि तारखा तपासून. आगाऊ पैसे भरलेल्यांची ओळ कुणीच लिहीत नाही आणि भांडणं तिथंच होतात. नोटीस लावल्यावरही "म्हणजे नेमकं किती द्यायचे?" असे फोन आले, तर ती परत लिहा.

दिरांची दुसरी सूचना होती, दर तोच ठेवून चपात्या तीन करायच्या. हे मला अजिबात पटत नाही. जेवणारा पहिल्याच दिवशी चपात्या मोजतो. वर भात वाढवून मागतो तो वेगळाच.

काही जण सोडतील, ते धरून चला. पगाराचं कारण मात्र पगार खरोखर दिला असेल तरच लिहा. नफा पुरत नसेल तर तसंच लिहा, त्यात लाज कसली? छापील एमआरपीचा माल विकत असाल तर हे लागू नाही, त्यावर जास्त घेताच येत नाही.

आणि दीर अजून म्हणतात, नोकरांच्या पगारासाठी गिऱ्हाईक का पैसे देईल? अहो, त्या तिघींच्या हातचंच तर ते जेवतंय. त्यांचा पगार डब्याच्या दरात धरायचा नाही, तर मग कशात धरायचा?