स्टुडंट व्हिसावाल्याला कामावर घेताय? आधी एवढं बघा

अहो दादा, लंडनमध्ये हॉटेल टाकलंय तर पोराने मोबाईलवर दाखवलेल्या व्हिसाच्या स्क्रीनशॉटवर अजिबात जाऊ नका, त्याने कायद्याने काही सिद्ध होत नाही. त्याच्याकडून W ने सुरू होणारा शेअर कोड, म्हणजे त्याला कामाची परवानगी आहे का ते ऑनलाइन बघायचा कोड, आणि जन्मतारीख घ्या, gov.uk वर एम्प्लॉयरवाल्या पानावर स्वतः टाका, तिथला फोटो समोरच्या माणसाशी जुळतोय का बघा आणि ते पान सेव्ह करा. हे सगळं पहिल्या शिफ्टच्या आधी हं, नंतर केलेल्या चेकने दंडातून सुटका नाही आणि दंड पहिल्याच वेळी माणशी 45,000 पाउंडापर्यंत जातो.

डिग्री करणाऱ्यांना टर्म चालू असताना सहसा आठवड्याला 20 तास, सोमवार ते रविवार, आणि दुसरीकडे काम करत असेल तर तेही त्यातच धरायचे. खरी गोची मास्टर्सवाल्यांची. पोरगा म्हणतो जुलैत सुट्टी आहे, फुल टाइम येतो, पण त्याचं डिझर्टेशन चालू असतं म्हणजे ती टर्मच, म्हणून युनिव्हर्सिटीकडून तारखांचं पत्र मागा. व्हिसा संपायची तारीख कॅलेंडरात टाका, त्याआधी नवीन कोड घेऊन परत चेक.