सप्लायरला हप्ते सुचवायचे तर आधी स्वतःचे आकडे मांडा

"मोठ्या ग्राहकाचं पेमेंट अडकलंय आणि सप्लायरचं बिल पुढच्या आठवड्यात ड्यू आहे, पूर्ण देणं जमणार नाही. हप्त्यांचं कसं बोलू, माल बंद केला तर?"

ड्यू डेटच्या आधी बोला, हे सगळ्यात महत्त्वाचं. तारीख उलटून गेल्यावर त्याने दोनदा फोन केल्यावर तुम्ही हप्ते काढलेत तर ते त्याला टाळाटाळच वाटते, आणि माल तेव्हाच थांबतो.

पण फोन उचलायच्या आधी पुढच्या दहा-बारा आठवड्यांचा कागद करा, प्रत्येक आठवड्याला किती येणार आणि पगार, भाडं, रोखीने घ्यायचा नवा माल हे सगळं जाऊन किती उरणार. समजा बाकी १०० आहे, आज हातात मोकळे २० आहेत, दर आठवड्याला ६ उरतात आणि अडकलेले ६० पाचव्या आठवड्यात येतील असं ग्राहक म्हणतोय. मी असं मांडेन: आज १५, दुसऱ्या आठवड्यात १०, चौथ्यात १०, सातव्यात ५० आणि नवव्यात उरलेले १५. मोठा हप्ता मुद्दाम सातव्यात ठेवलाय, म्हणजे ग्राहक दोन आठवडे लांबला तरी तुमचा शब्द खाली पडत नाही. बरेच जण इथेच चुकतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून पाचव्याच आठवड्याची तारीख देऊन बसतात आणि मग तो हप्ता हुकला की दुसऱ्यांदा कोणी ऐकून घेत नाही.

पहिले १५ बोलणं झालं त्याच दिवशी पाठवा, नुसत्या आश्वासनापेक्षा ते जास्त बोलतात.

आता मालाचं. जुनी बाकी आणि नवा माल वेगळा करा, सरळ सांगा की जुनं या तारखांना फेडतो आणि तोपर्यंत नवा माल घेताना लगेच पैसे देतो, म्हणजे त्याची रिस्क वाढत नाही, उलट दर हप्त्याला कमी होते. माझ्या अनुभवात पुरवठा चालू राहतो तो यामुळेच. फक्त हा रोखीचा खर्च त्या कागदात धरलेला असू द्या, नाहीतर प्लॅन तिसऱ्याच आठवड्यात कोसळतो.

बोलणं मालकाशी किंवा सेल्सवाल्याशी झालं तरी त्यांच्या अकाउंट्सला मेल टाकाच, कारण ऑर्डर होल्डवर बहुतेक वेळा तेच टाकतात. मेल एवढा पुरे:

"आमच्या एका ग्राहकाचं पेमेंट लांबल्यामुळे बिल एकदम देणं शक्य नाही. १५ आज पाठवले आहेत. उरलेले ८५ खालील तारखांना देऊ, कोणता हप्ता कोणत्या बिलात धरायचा तेही लिहिलं आहे. या काळात नवा माल रोखीने घेऊ. तारखा पाळल्यास लेट फी लावू नये आणि पुरवठा चालू ठेवावा ही विनंती. मान्य असल्यास मेलवर कळवावं."

तो घासाघीस करेल, बहुधा आजचा हप्ता वाढवायला सांगेल. तुमच्याकडे २० आहेत, तेव्हा फार तर १८ वर या आणि तेवढेच ३ शेवटच्या हप्त्यातून कमी करा, मधल्या तारखांना हात लावू नका.

आणि कागद करताना अडकलेले ६० येऊनही नवव्या आठवड्यात शिल्लक मायनसमध्ये दिसली, तर ही तात्पुरती अडचण नाहीये, मग हे हप्ते सुचवूच नका, आधी खर्च किंवा भांडवलाचं बघा.